साडेचार तास नव्हे, चार तास तेवीस मिनिटं: लंडन-पॅरिसच्या फोटोंच्या वेळा दुरुस्त करताना

मी दादरला घरूनच फोटोबुकं करून देते. लग्नं, मुंजी, सहली. हे प्रकरण गेल्या दिवाळीतल्या एका सहलीचं. घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत, आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत.

पार्श्वभूमी

काका-काकू पार्ल्याचे. मुलगा आणि सून लंडनला असतात. 2025 ची दिवाळी तिकडेच करायची म्हणून दोघं 18 ऑक्टोबरला मुंबईहून निघाले. भाऊबीज आटोपल्यावर 24 तारखेला चौघं ट्रेननं पॅरिसला गेले आणि 28 ला काका-काकू तिथूनच परतले. काकांकडे जुना पण चांगला कॅमेरा आहे. त्यावर साधारण साडेबाराशे फोटो, सगळे जेपेग. मुलाच्या आणि सुनेच्या फोनवर मिळून आणखी नऊशे. डिसेंबरात लग्नाला चाळीस वर्षं होत होती, त्यासाठी दिवसवार पुस्तक हवं होतं.

काका मेमरी कार्ड घेऊन आले तेव्हा हातातलं घड्याळ दाखवत म्हणाले, "हे मी तिकडे बदललंच नाही. बीपीच्या गोळ्यांची वेळ चुकते मग." कॅमेऱ्याच्या घड्याळाचा विषय निघालाच नाही. त्यांच्या डोक्यात नव्हता, आणि विचारायला हवं हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

अडचण कशी दिसली

तिघांचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकून वेळेनुसार लावले आणि पहिल्याच पानावर घोळ. थेम्सकाठची सकाळ फोनच्या फोटोंत नाश्त्याच्या शेजारी, तर कॅमेऱ्याच्या फोटोंत दुपारच्या चहानंतर. त्याहून वाईट लक्ष्मीपूजन. मुलगा ऑफिसातून आल्यावर 21 तारखेला रात्री आठच्या सुमारास पूजा झाली. काकांच्या कॅमेऱ्यातली तीच पूजा 22 तारखेला, म्हणजे पाडव्यात जाऊन बसली होती. लंडनला संध्याकाळचे साडेसात वाजले की भारतात मध्यरात्र उलटते. त्यामुळे रोजची जेवणं आणि रोजची रोषणाई कॅमेऱ्याच्या हिशेबानं दुसऱ्या दिवसात ढकलली गेली होती.

कारण सरळ आहे. फोन जिथे जातो तिथलं नेटवर्क पकडून आपली वेळ बदलतो. कॅमेऱ्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, तो मुंबईचीच वेळ लिहीत राहतो. आणि फोटोच्या आत ही वेळ `DateTimeOriginal` या नावाखाली नुसती तारीख-तास-मिनिट-सेकंद अशी लिहिलेली असते. ती कुठली वेळ, हे त्या ओळीत नसतं. त्यासाठी `OffsetTimeOriginal` अशी वेगळी जागा 2016 मध्ये एक्झिफच्या, म्हणजे फोटोच्या आत माहिती कशी लिहायची याच्या, नियमांत आली. नवे फोन ती भरतात. काकांच्या कॅमेऱ्यानं ती रिकामीच सोडली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ऐकायला विचित्र, पण चुकीचा नाही: कॅमेऱ्याला हात न लावता फोनचे फोटोच भारतीय वेळेवर आणायचे. क्रम बरोबर लागला असता. पण मग पूजा 22 तारखेचीच राहिली असती, आणि पानावर "21 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन" छापायचं होतं. शिवाय बरोबर असलेल्या नऊशे फाइली मोडून चुकीच्या साडेबाराशेंशी जुळवायच्या, हे मनाला पटेना.

दुसरा, मुलानं सुचवलेला: ऑनलाइन अल्बममध्ये सगळे निवडून वेळ सरकवायची. सोपं आहे, पण तो बदल त्या अल्बमपुरता असतो. फाइल उतरवून घेतली की आतली जुनी वेळच हातात येते आणि माझं पानं लावायचं सॉफ्टवेअर तीच वाचतं.

तिसरा, मी रोज वापरते ते फोटो-सॉफ्टवेअर. त्यात टाइम झोनसाठी वेळ सरकवायची सोय आहे, पण पूर्ण तासांची. चार किंवा पाच. आपला देश साडेपाचवर बसलाय याचा विचार तिथं केलेला नाही. पळवाट आहे: एका फोटोला बरोबर वेळ हातानं द्यायची, म्हणजे निवडलेले बाकीचे तेवढ्याच फरकानं सरकतात. पण नेमकं किती सरकलं याची नोंद कुठे राहत नाही, आणि मला ती हवी होती.

म्हणून चौथा, फोटोच्या आतली ही माहिती बदलणारा एक्झिफटूल नावाचा प्रोग्राम. फुकट आहे, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते, पण काय केलं ते आज्ञेतच लिहिलेलं असतं. ती वहीत उतरवून ठेवता येते.

पहिला प्रयत्न, आणि पणत्यांनी पकडलेली चूक

ऑक्टोबरात लंडन भारताच्या साडेचार तास मागे असतं. मी लंडनच्या फोटोंची एक प्रत काढली आणि साडेचार तास वजा केले. क्रम लागला. सकाळी सकाळ, रात्री रात्र. इथंच थांबले असते तर काम झालं असं वाटलं असतं.

पूजेच्या पानावर अडले. सुनेच्या फोनमधला फोटो 8 वाजून 5 मिनिटांचा: काकू काडी ओढतायत, पुढे पाच पणत्या, एकही पेटलेली नाही. त्याच्या आधी, 8 वाजून 1 मिनिटावर, कॅमेऱ्यातला फोटो: पाचही पणत्या पेटलेल्या, काकू हात जोडून. पणत्या आधी पेटल्या आणि काडी मागून ओढली, असं काही घडत नाही. म्हणजे कॅमेरा मुंबईच्या वेळेवर होता हे खरं, पण मुंबईच्या बरोबर वेळेवर नव्हता.

कॅमेऱ्याच्या घड्याळाला नेटवर्क नसतं. ते हळूहळू मागे किंवा पुढे सरकतं, आणि काकांनी ते शेवटचं कधी लावलं होतं हे त्यांनाही आठवेना. तेव्हा फरक गृहीत न धरता मोजायचा ठरवलं.

फरक कसा मोजला

फोटोतच घड्याळ सापडलं तर उत्तम. लंडनला गेलेला माणूस बिग बेनचा फोटो काढल्याशिवाय परतत नाही. 20 तारखेचा एक फोटो चांगला स्पष्ट होता. मोठा करून पाहिला तर मिनिटकाटा चारवर, तासकाटा अकरा ओलांडून: 11 वाजून 20 मिनिटं. कॅमेऱ्याची मूळ वेळ 15:44. फरक चार तास चोवीस मिनिटं. साडेचार तासांत सहा मिनिटं कमी, म्हणजे कॅमेरा सहा मिनिटं मागे.

मनोऱ्यावरच्या काट्यांवरून सेकंद वाचता येत नाहीत. म्हणून काकांना फोन केला. "काका, कॅमेऱ्याचं घड्याळ नीट केलंत का परत आल्यावर?"

"नाही गं, हातच लावला नाही. करू का आता?"

"नका करू! आहे तसाच घेऊन या."

हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण होता. त्यांनी त्या दिवशी घड्याळ लावलं असतं, तर चूक मोजायचं साधन गेलं असतं. कॅमेरा आला, फोनवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडलं आणि त्याच कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढला. फोनच्या पडद्यावर 21:10:02. त्या फोटोच्या आतली वेळ 21:03:52. कॅमेरा सहा मिनिटं दहा सेकंद मागे. सहलीला आणि या मोजणीला मध्ये पंधराएक दिवस गेले होते. तेवढ्यात दोन-चार सेकंद इकडेतिकडे झाले असतील, पण पणत्यांच्या कामाला तेवढं चालतं.

आता हिशेब: साडेचार तासांतून सहा मिनिटं दहा सेकंद वजा केले की 4:23:50. लंडनसाठी एवढं मागे सरकवायचं. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे, म्हणून तिथं 3:23:50.

पॅरिसचा आकडा पडताळायला आयफेल टॉवर कामी आला. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला तो पाच मिनिटं लुकलुकतो. म्हणजे लुकलुकतानाचा फोटो नऊ ते नऊ-पाच, दहा ते दहा-पाच अशा पट्टीतच हवा. 24 तारखेच्या रात्रीचा पहिला लुकलुकता फोटो कॅमेऱ्यात 25 तारखेच्या 00:24:02 चा होता. नुसते साडेतीन तास वजा केले तर 20:54:02 येतात, तेव्हा टॉवर लुकलुकत नसतो. 3:23:50 वजा केले की 21:00:12. बसलं. फक्त लक्षात ठेवायचं की टॉवर मिनिटं सांगतो, तास नाही. एक तासाची चूक असली तरी तो तसाच लुकलुकतो. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहिलं होतं, आणि तरीही पुढे फसले.

आधी फोल्डर, मग आज्ञा

एक्झिफटूलला "अमुक तारखेच्या आधीचे फोटो निवड" असं सांगता येतं. पण एकदा काही फोटो सरकले की त्यांच्या तारखाही बदलतात, आणि पुढची आज्ञा सरकलेल्यांनाच पुन्हा पकडू शकते. म्हणून आधी प्रती वेगवेगळ्या फोल्डरांत घातल्या. वाटणी करताना वेळ पाहिली नाही, फाइलचा क्रमांक पाहिला. कॅमेरा प्रत्येक फोटोला पुढचा नंबर देतो, आणि घड्याळ कितीही चुकलं तरी तो क्रम खरा असतो.

विमानातले फोटो वेगळे ठेवले. त्यांना भारतीय वेळेतच ठेवून फक्त सहा मिनिटं दहा सेकंद पुढे नेलं. ढगांच्या वर कुठला टाइम झोन, यावर काकांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

ट्रेनचा प्रश्न खरा होता. सेंट पँक्रासला बसले तेव्हा लंडनची वेळ, गार द्यु नॉरला उतरले तेव्हा पॅरिसची. मध्ये कुठे बदलायचं? पहिला विचार होता, उतरेपर्यंत सगळे लंडनचे धरू. पण बोगदा संपून फ्रेंच नेटवर्क लागलं की दोघांचे फोन तासानं पुढे उडी मारतात. तेच शेत फोनमध्ये 2 वाजून 38 मिनिटांनी आणि कॅमेऱ्यात 1 वाजून 38 मिनिटांनी दिसलं असतं. म्हणून फोनच्या मागे गेले: खिडकी काळी असेपर्यंत लंडन, पहिलं शेत दिसलं की पॅरिस. बोगद्यातले नऊ फोटो होते, बहुतेक सँडविचचे आणि खिडकीत उमटलेल्या काकांच्या प्रतिबिंबाचे.

मग या दोन आज्ञा:

```
exiftool "-AllDates-=0:0:0 4:23:50" "-OffsetTimeOriginal=+01:00" 1_london
exiftool "-AllDates-=0:0:0 3:23:50" "-OffsetTimeOriginal=+02:00" 2_paris
```

`AllDates` म्हणजे फोटोतल्या तिन्ही तारखा एकदम. आधीचे तीन शून्य वर्ष-महिना-दिवसाचे, नंतरचे तास-मिनिट-सेकंद. दुसरा भाग ती रिकामी जागा भरतो: उन्हाळी वेळेत लंडन जागतिक वेळेच्या एक तास पुढे, पॅरिस दोन. तो भरला नाही तरी क्रम लागतो. पण एखादा कॅमेरा तिथं आधीच `+05:30` लिहीत असेल आणि तुम्ही फक्त वेळ सरकवली, तर फोटो म्हणेल "रात्रीचे आठ, भारतातले". ती जागा वाचणारं सॉफ्टवेअर मग पुन्हा साडेचार तासांचा घोळ घालतं.

एक धोका इथंच सांगते. ही वजाबाकी आहे. चुकून तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिली तर आणखी चार तास तेवीस मिनिटं जातात, आणि एक्झिफटूल विचारत नाही. तो प्रत्येक फाइलची मूळ प्रत `_original` नावानं शेजारी ठेवतो, ती पुसू नका. शिवाय कार्डाची आख्खी प्रत मी वेगळ्या डिस्कवर ठेवली होती.

रविवार

दोन्ही फोल्डर झाल्यावर तपासणी. माझी पद्धत साधी आहे: रोजची एक अशी जोडी शोधायची की तोच क्षण कॅमेऱ्यातही आहे आणि फोनमध्येही. लंडनचे सगळे दिवस बसले. पॅरिसचा शुक्रवार बसला, शनिवार बसला. रविवारी व्हर्सायच्या बागेत काकूंनी टोपी वाऱ्यावर उडताना पकडली होती. फोनमध्ये 10:15, कॅमेऱ्यात 11:15. सोमवारीही बरोबर एक तास जास्त.

पाच मिनिटं मी काकांनाच दोष दिला. त्यांनी मध्येच कॅमेऱ्यात काही खुडबुड केली असेल असं वाटलं. मग तारीख पाहिली: 26 ऑक्टोबर, महिन्यातला शेवटचा रविवार. त्या पहाटे युरोपात उन्हाळी वेळ संपते. पॅरिसला तीन वाजले की घड्याळं पुन्हा दोनवर नेतात. आपल्याकडे घड्याळं पुढेमागे करायची पद्धत नाही, त्यामुळे ही गोष्ट आठवत नाही, आणि तिथं असलेल्यांना कळत नाही, कारण ते झोपलेले असतात आणि फोन आपला आपण बदलतो. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "त्या दिवशी जाग लवकर आली होती खरी."

आता दोन रस्ते होते. सरकवलेल्या फाइलींतून आणखी एक तास वजा करायचा, किंवा रविवारपासूनच्या मूळ फाइली डिस्कवरून पुन्हा घेऊन एकदाच बरोबर आकडा लावायचा. पहिला दोन मिनिटांचा होता. मी दुसरा घेतला. दुरुस्तीवर दुरुस्ती केली की महिन्याभरानं कुठल्या फाइलवर किती थर आहेत ते कळत नाही.

गंमत अशी की नवा आकडा जुनाच निघाला. रविवारपासून पॅरिस भारताच्या साडेचार तास मागे, म्हणजे आदल्या आठवड्यातल्या लंडनएवढंच. फोल्डरचं नाव `3_paris`, आज्ञा लंडनचीच:

```
exiftool "-AllDates-=0:0:0 4:23:50" "-OffsetTimeOriginal=+01:00" 3_paris
```

सीमा शनिवारच्या शेवटच्या आणि रविवारच्या पहिल्या फोटोमध्ये सहज सापडली. कोणी त्या पहाटे अडीचला फोटो काढत असतं तर अवघड होतं, कारण त्या रात्री अडीच दोनदा वाजतात आणि वेळेवरून लावलेला क्रम तिथं तुटतो. मग फाइलच्या नंबरावरच भिस्त ठेवावी लागली असती.

निकाल

सगळं मिळून दोन संध्याकाळी गेल्या. त्यातल्या आज्ञांना दहा मिनिटंही लागली नाहीत, बाकी वेळ मोजण्यात आणि जोड्या शोधण्यात गेला. बारा जोड्या तपासल्या, सगळ्यात मोठा फरक चार सेकंदांचा. पूजेच्या पानावर आता आधी काडी आहे, मग पणत्या.

दोन गोष्टी अर्ध्याच राहिल्या. सुनेनं सुरुवातीला साठेक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. तिथून साधा फोटो म्हणून आलेल्या फाइलीत मूळ वेळ उरत नाही, आणि फाइलच्या नावातली तारीख पाठवल्याची असते. ते पुन्हा डॉक्युमेंट म्हणून मागवले. त्यातले सात तिच्या फोनवरून गेलेच होते, ते मी अंदाजानं पानात बसवले. आणि कॅमेऱ्यातल्या व्हिडिओंना मी हात लावला नाही. व्हिडिओत वेळ बहुतेकदा जागतिक वेळेत लिहायची असते, काही कॅमेरे तिथं स्थानिक वेळच लिहितात, त्यामुळे फोटोंचा आकडा डोळे मिटून लावता येत नाही. पुस्तकात व्हिडिओ छापायचे नव्हते, म्हणून विषय तिथंच सोडला.

पुन्हा करायचं झालं तर

कार्ड हातात घेताना पहिला प्रश्न विचारीन: कॅमेऱ्याचं घड्याळ कोणी कधी बदललं? "कधीच नाही" हे उत्तर आलं तर मला आनंदच होईल. काकांनी तिसऱ्या दिवशी लक्षात येऊन वेळ बदलली असती, आणि पॅरिसला विसरले असते, तर एका सरळ चुकीचे तीन तुकडे झाले असते आणि प्रत्येकाची सीमा मला शोधावी लागली असती. जायच्या आधी विचारलं तर मी सांगीन की भारतीय वेळच राहू द्या, फक्त रोज सकाळी फोनच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्यानं काढा. रविवारच्या त्या एका फोटोनं मला काकांवर रागवण्यापासून वाचवलं असतं.

आणि पहिली आज्ञा पूर्ण फोल्डरवर चालवणार नाही. प्रत्येक दिवसाचे तीन फोटो वेगळे काढून आधी त्यांच्यावर. रविवारचा तास तिथंच दिसला असता.

पुस्तक द्यायला गेले तेव्हा काकांनी विचारलं, "आता लावू का घड्याळ?" लावा म्हटलं. त्यांनी फोन शेजारी ठेवून, सेकंद मोजत, श्वास रोखून बटण दाबलं. मनगटावरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं. ते तसंच राहू दे म्हणाले, गोळीला उशीर नको.